जांभळी ज्योत, पांढरा साका आणि बोअरचं पाणी

बारावीच्या जर्नलमध्ये सॉल्ट ॲनालिसिसचे तक्ते आपण जसेच्या तसे उतरवून काढतो. ते तक्ते कुणी रचले, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यांचा मूळ सांगाडा कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस नावाच्या जर्मन मुलाचा. बॉनमध्ये शिकत असताना आधी स्वतःसाठीच त्याने या चाचण्या ओळीने लावल्या, आणि 1841 साली त्याचं पुस्तक निघालं तेव्हा त्याचं वय तेवीसही नव्हतं. म्हणजे हे काम एका विद्यार्थ्याने विद्यार्थ्यांसाठी केलेलं. बीडच्या कॉलेजात काचेच्या नळ्या धुताना मला हे माहीत असतं, तर तक्ता थोडा आपला वाटला असता.

ज्योतीचा रंग त्याहून जुना. 'रसार्णव' हा संस्कृत ग्रंथ साधारण बाराव्या शतकातला मानतात. तांब्याची ज्वाला निळी, कथलाची पारव्याच्या रंगाची, असं त्यात सांगितलं आहे. युरोपात मार्ग्राफने 1758च्या सुमारास सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार पिवळ्या आणि जांभळ्या ज्योतीवरून वेगळे ओळखले. पण पिवळा रंग दांडगा. सोडियमचा कणभर अंश असला तरी तो जांभळ्याला झाकून टाकतो. म्हणून निळ्या कोबाल्ट काचेतून बघायचं, ती काच पिवळा गिळते. बोटांच्या घामातही मीठ असतंच, त्यामुळे तार हाताने पुसली की ज्योत पिवळी होणारच.

फ्रेझेनियसच्या रचनेतला खरा मुद्दा क्रमाचा आहे. एक उदाहरण घेऊ. पुडीत पांढरी पूड, पाण्यात विरघळणारी. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, काही नाही. मग हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो सडक्या अंड्याचा वास, तरी काही नाही. तो वायू उकळून घालवला, अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम हायड्रॉक्साइड टाकलं, साका नाही. पुन्हा हायड्रोजन सल्फाइड, तरी नाही. मग अमोनियम कार्बोनेट घातल्यावर पांढरा साका बसला. म्हणजे बेरियम, स्ट्रॉन्शियम किंवा कॅल्शियम. अमोनियम क्लोराइड गाळलं असतं तर मॅग्नेशियमही इथेच साका देऊन गोंधळ घालू शकलं असतं; ते कार्बोनेटचं प्रमाण कमी ठेवून त्याला विरघळलेलं राहू देतं.

साका ॲसेटिक आम्लात विरघळवायचा आणि त्यात आधी पोटॅशियम क्रोमेट टाकायचं. पिवळा साका आला की बेरियम. हाही क्रम उलटवायचा नाही, कारण ऑक्झॅलेट आधी टाकलं तर तिघेही खाली बसू शकतात. आता ज्योत. पूड काचेवर घेऊन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या दोन थेंबांत कालवायची, कारण क्लोराइड लवकर वाफ होतं. तार ज्योतीत धरली की कोवळ्या गवतासारखा हिरवा रंग दिसतो. बेरियम पक्कं.

ॲनायन ओळखताना मात्र बीडचं पाणी आड येतं. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्लोराइड असतात. दुष्काळी वर्षांत डिस्टिल्ड वॉटर जपून वापरायचं, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत नळ्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जायच्या, आणि द्रावणही कधीकधी त्यातच व्हायचं. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. सिल्व्हर नायट्रेट त्याहून कितीतरी कमी क्लोराइडवरही दुधाळ होतं. मग अर्धा वर्ग 'क्लोराइड' लिहून मोकळा.

यावर उपाय म्हणजे कोरी चाचणी. शेजारच्या नळीत नुसतं तेच पाणी घ्यायचं, विरल नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट तितकेच थेंब. दोन्ही नळ्या सारख्याच गढूळ दिसल्या तर तो पाण्याचा गुण. खरं क्लोराइड असलं की दह्यासारखा घट्ट साका येतो आणि तो अमोनियात विरघळतो.

या पुडीत दोन्ही नळ्या सारख्या गढूळ आल्या. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि तांब्याचे तुकडे घालून तापवलं तेव्हा तांबूस धूर निघाला. नायट्रेट. तपकिरी कडीची चाचणी इथे फसते. बेरियम आणि सल्फ्युरिक आम्लाचा पांढराफटक सल्फेट साका तयार होऊन कडी झाकली जाते. आधी सोडियम कार्बोनेटसोबत उकळून बेरियम गाळून काढलं, तर उरलेल्या पाण्यात, आम्ल घालून आम्लधर्मी केल्यावर, कडी छान दिसते.

जर्नलमध्ये बेरियम नायट्रेट लिहिलं, सरांनी लाल शाईने सही केली आणि पुढची पुडी दिली. ती किंचित निळसर होती.