हृदयश्रवणाची क्षेत्रे आणि त्यांची नावे

वैद्यकाच्या परिभाषेत अशी काही नावे आहेत की ती एका वस्तूची म्हणून दिली गेली, परंतु दाखवितात दुसरीच गोष्ट. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ध्वनी ज्या चार ठिकाणी ऐकावयाचे, त्या ठिकाणांची नावे या प्रकारची आहेत. महारोहिणी क्षेत्र, फुप्फुसरोहिणी क्षेत्र, त्रिदल क्षेत्र व द्विदल क्षेत्र ही ती चार नावे होत. ती ऐकणाऱ्याची सहज अशी समजूत होते की, त्या त्या नावाची झडप त्या त्या जागेच्या खाली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ही नावे कशी पडली आणि ती पडताना ध्वनीच्या उगमाविषयी कोणती कल्पना गृहीत धरली गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शरीरावरील खुणा पाहू. छातीच्या मधल्या हाडाचा, म्हणजे उरोस्थीचा, वरचा तुकडा व मधला तुकडा जेथे जुळतात तेथे एक आडवा उंचवटा बोटाला लागतो. दुसऱ्या बरगडीची कूर्चा याच उंचवट्याशी जोडलेली असते. पहिली बरगडी गळ्याजवळच्या हाडाखाली दडलेली असल्यामुळे ती चाचपून मोजता येत नाही. म्हणून मोजणीचा आरंभ या उंचवट्यापासून करावा लागतो. उंचवट्यावरून बोट बाजूला सरकविले की दुसरी बरगडी, तिच्या खाली दुसरी आंतरपर्शुक जागा, आणि त्याप्रमाणे खाली उतरत गेले की पाचवी जागा मिळते. आरंभीच एका बरगडीची चूक झाली तर पुढचे सर्व निष्कर्ष एका पायरीने चुकतात. या उंचवट्याला युरोपात ‘लुईचा कोन’ म्हणतात. परंतु हा लुई म्हणजे अठराव्या शतकातील शल्यवैद्य आंत्वान लुई की एकोणिसाव्या शतकातील पॅरिसचा वैद्य पियेर लुई, याविषयी ग्रंथकारांत एकमत नाही. लुई या नावाचे लॅटिन व जर्मन रूप चालू झाल्यामुळे काही ग्रंथांत त्याच कोनाला लुडविगचे नावही चिकटले. ज्या खुणेपासून सारी मोजणी सुरू होते, तिच्याच नावाचा उगम असा अनिश्चित आहे.

या खुणांच्या आधारे शरीररचनाशास्त्र झडपांच्या जागा सांगते त्या अशा. फुप्फुसरोहिणीची झडप सर्वांत वर, डाव्या तिसऱ्या कूर्चेच्या आतल्या टोकामागे असते. तिच्या किंचित खाली, उरोस्थीच्या डाव्या अर्ध्या भागामागे, तिसऱ्या आंतरपर्शुक जागेच्या पातळीवर महारोहिणीची झडप असते. द्विदल झडप उरोस्थीच्या त्याच अर्ध्या भागामागे, चौथ्या कूर्चेच्या पातळीवर. आणि त्रिदल झडप उजव्या अर्ध्या भागामागे, चौथ्या जागेच्या सुमारास. म्हणजे चारही झडपा उरोस्थीमागे एका तिरप्या रेषेत एकमेकींना खेटून बसलेल्या आहेत. श्रवणाची क्षेत्रे मात्र छातीभर विखुरलेली आहेत. महारोहिणी क्षेत्र उजव्या दुसऱ्या जागेत उरोस्थीच्या कडेला, फुप्फुसरोहिणी क्षेत्र डाव्या दुसऱ्या जागेत, त्रिदल क्षेत्र उरोस्थीच्या डाव्या कडेला खालच्या टोकाजवळ, आणि द्विदल क्षेत्र हृदयाच्या अग्रभागी. महारोहिणीची झडप मध्यरेषेच्या डावीकडे, तर तिचे क्षेत्र उजवीकडे! द्विदल झडप उरोस्थीमागे, तर तिचे क्षेत्र तेथून कित्येक बोटे बाहेर.

हे अग्र कोठे असते हेही सांगितले पाहिजे. प्रौढ माणसात हृदयाचा ठोका साधारणतः डाव्या पाचव्या जागेत, मध्यरेषेपासून सुमारे ९ सेंटीमीटरवर, गळ्याजवळच्या हाडाच्या मध्यावरून खाली काढलेल्या रेषेच्या किंचित आत बोटाला लागतो. लहान मुलांत तो एक जागा वर, चौथ्या जागेत सापडतो. जुन्या ग्रंथांत स्तनाग्राची खूण दिलेली आढळते. परंतु स्त्रियांत तिची जागा निश्चित नसल्यामुळे ती खूण मागे पडली. व्याख्येप्रमाणे जेथे ठोका स्पष्टपणे जाणवतो अशी सर्वांत खालची व सर्वांत बाहेरची जागा म्हणजे अग्रस्पंदनाची जागा होय. हृदयाचे खरे टोक त्याहून थोडे खाली व बाहेर असते. उताणे निजलेल्या अनेक निरोगी प्रौढांत हा ठोका लागतच नाही. डाव्या कुशीवर वळविले तर तो लागतो, परंतु तेवढ्याने बाहेरही सरकतो. म्हणून त्या स्थितीत सापडलेल्या जागेवरून हृदय वाढले आहे असे अनुमान काढता येत नाही.

हा ठोका का लागतो, याचे उत्तर विल्यम हार्वे याने १६२८ च्या आपल्या ग्रंथात दिले. हृदय फुगताना छातीवर आदळते असा पूर्वीचा समज होता. हार्वेने दाखविले की, हृदय आकुंचन पावते तेव्हा ते घट्ट होऊन उचलले जाते आणि त्याच क्षणी छातीला धक्का बसतो. पुढे पहिल्या चार्ल्स राजाच्या दरबारी असताना त्याला एक उमराव तरुण पाहावयास मिळाला. लहानपणीच्या दुखापतीमुळे त्याच्या छातीच्या डाव्या बाजूस भोक राहिले होते. त्यातून हृदयाला प्रत्यक्ष बोट लावून हार्वेने आपल्या मताची खात्री करून घेतली, आणि ती हकीकत १६५१ च्या ग्रंथात नमूद केली.

श्रवणाचा इतिहास यानंतर दीडशे वर्षांनी सुरू होतो. रने लाएनेक याने १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात कागदाच्या गुंडाळीतून हृदय ऐकले व १८१९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. लाएनेकने छातीवरील जागांना झडपांची नावे दिली नाहीत ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. उरोस्थीच्या खालच्या टोकाशी हृदयाच्या उजव्या कप्प्यांचा आणि डाव्या बरगड्यांच्या कूर्चांजवळ डाव्या कप्प्यांचा आवाज ऐकू येतो, असे तो म्हणे. याचे कारण त्याची उपपत्ती. पहिला ध्वनी जवनिकांच्या आणि दुसरा ध्वनी अलिंदांच्या आकुंचनाने होतो असे त्याचे मत होते. ध्वनी कप्प्यांचा, म्हणून जागाही कप्प्यांची. दुसऱ्या ध्वनीविषयीचे त्याचे मत चुकीचे होते, कारण अलिंद जवनिकेच्या आधी आकुंचन पावतात. एडिंबरोच्या टर्नरने १८२८ मध्ये हाच आक्षेप घेतला.

१८३२ मध्ये रुआने याने पॅरिसमधील आपल्या प्रबंधात ध्वनी झडपा मिटण्याने होतात असे प्रतिपादन केले. त्याच दशकात इंग्लंडात जेम्स होप व चार्ल्स विल्यम्स यांनी गाढवांवर प्रयोग केले. दोन्ही रोहिण्यांच्या मुखाशी असलेल्या झडपा आकड्यांनी मागे ओढून धरताच दुसरा ध्वनी नाहीसा झाला व त्याच्या जागी फुत्कार ऐकू आला. आकडे काढताच ध्वनी परत आला. यापुढे ध्वनीचा कर्ता कप्पा न राहता झडप हाच ठरला. स्वाभाविकपणेच जागांनाही झडपांची नावे मिळाली. म्हणजे ही नावे स्थाननिदर्शक नव्हती. ती एका उपपत्तीची नावे होती.

क्षेत्र व झडप यांत अंतर का पडते? ध्वनी रक्ताच्या प्रवाहाबरोबर वाहून जातो, आणि छातीच्या भिंतीला जो भाग टेकलेला असतो तेथे तो स्पष्ट ऐकू येतो. महारोहिणीची झडप अरुंद झाली असता तिच्यातून जोराने सुटणारे रक्त वर व उजवीकडे जाते, आणि चढती महारोहिणी उजव्या दुसऱ्या जागेपाशी छातीच्या भिंतीजवळ येते. म्हणून मर्मर तेथे ऐकू येतो व गळ्यात पसरतो. परंतु तीच झडप गळू लागली, तर रक्त उलट दिशेने जवनिकेत परतते, आणि मर्मर उरोस्थीच्या डाव्या कडेला तिसऱ्या-चौथ्या जागेत उत्तम ऐकू येतो; रुग्णाला बसवून पुढे वाकवावे आणि श्वास बाहेर सोडून थांबावयास सांगावे लागते. झडप एकच, पण रोग दोन व जागा दोन. ‘महारोहिणी क्षेत्र’ या नावावर विश्वासून केवळ उजवीकडे ऐकणाऱ्याच्या कानातून हा दुसरा मर्मर सुटतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. समजा, एका वृद्ध रुग्णाच्या अग्रभागी, म्हणजे ‘द्विदल क्षेत्रा’त, आकुंचनकाळी गोड, सुरेल असा मर्मर ऐकू येतो. नाव सांगते की द्विदल झडप गळते आहे. परंतु अरुंद झालेल्या महारोहिणीच्या झडपेच्या मर्मराचा उंच स्वराचा अंश अग्राकडे जातो व खरखरीत अंश वरच राहतो, हे फ्रेंच वैद्य गालावार्दँ याने १९२५ मध्ये दाखविले. मग निवाडा कसा करावयाचा? मर्मर काखेकडे पसरतो की गळ्याकडे, ते पाहावे. तसेच एखादा ठोका अवेळी पडून त्यामागे लांब विराम आला, तर पुढच्या ठोक्याकडे लक्ष द्यावे. विरामात जवनिका अधिक भरते. म्हणून महारोहिणीचा मर्मर त्या ठोक्याला मोठा होतो, द्विदल झडपेचा मात्र जवळजवळ तसाच राहतो. आपल्या रुग्णाचा मर्मर विरामानंतर वाढला व गळ्यातही ऐकू आला, तर रोग महारोहिणीच्या झडपेचा आहे असे समजावे. अखेरचा निर्णय आज हृदयाच्या ध्वनिलहरीचित्रणाने होतो; परंतु ते कोणत्या संशयाने करावयाचे हे कानच ठरवितो. नावावर विसंबणारा येथे निरोगी झडपेला रोगी ठरवितो, आणि जी खरोखर अरुंद होत चालली आहे ती मागे राहते.

नावांतील हा दोष जाणून १९६४ मध्ये शाह, स्लॉडकी व लुइसादा यांनी श्रवणक्षेत्रांची फेरमांडणी सुचविली. तीत अग्राला डाव्या जवनिकेचे क्षेत्र, उरोस्थीच्या खालच्या भागाला उजव्या जवनिकेचे क्षेत्र असे म्हटले गेले, अलिंदांना स्वतंत्र क्षेत्रे मिळाली, आणि महारोहिणी क्षेत्र उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना मानले गेले. कप्प्यांवरून जागा सांगण्याची लाएनेकची रीत अशा प्रकारे दुसऱ्या व अधिक पक्क्या आधारावर परत आली. तरीही पाठ्यपुस्तकांत जुनी चार नावे टिकून आहेत, कारण ती थोडी आहेत व तोंडी बसलेली आहेत.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. हृदयाच्या टोकाला ‘शिखर’ म्हटले की ते वर असावे असे वाटते, आणि ‘तळ’ म्हटले की खाली. परंतु हृदयाचे टोक खाली-डावीकडे असून रुंद तळ वर व मागे असतो. म्हणून ‘अग्र’ हा शब्द अधिक निर्दोष होय. दुसरी गोष्ट षष्ठी विभक्तीची. ‘द्विदल झडपेचे क्षेत्र’ यातील ‘चे’ स्थानाचा संबंध सांगते की ध्वनीचा, हे वाक्यावरून कळत नाही, आणि सगळी गफलत त्या एका प्रत्ययात सामावलेली आहे. ‘द्विदल-श्रवणक्षेत्र’ असा समास केला तर निदान एवढे स्पष्ट होते की, ही जागा ऐकण्याची आहे, असण्याची नव्हे.