‘ओ’ म्हणजे शून्य नव्हे

रक्तगटांची नावे आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्या नावांमागे एक विशिष्ट वाचनपद्धती आहे हे विसरले जाते. १९०१ साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी एकमेकांच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत पेशींचे पुंजके झाले, काहींत झाले नाहीत. त्यावरून त्यांनी ए, बी आणि सी असे तीन गट कल्पिले. त्यांतील ‘सी’ पुढे ‘ओ’ म्हणून रूढ झाला. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये इतरांनी नोंदवला. ‘ओ’ची व्याख्या मात्र नकारात्मकच राहिली: ज्यात ए नाही आणि बी नाही, ते ओ. या नकारात काय दडले आहे, हे कळायला पन्नास वर्षे लागली. आणि ते कळले मुंबईत.

त्याआधी एक मुद्दा स्पष्ट करावयास हवा. ए गटाच्या माणसाने आयुष्यात कधी परके रक्त घेतलेले नसले, तरी त्याच्या सीरममध्ये बीविरोधी प्रतिपिंडे असतात. म्हणून त्यांना नैसर्गिक म्हणतात. जन्मतः ती बाळाची स्वतःची नसतात. पहिल्या काही महिन्यांत तयार होतात. आतड्यातील जिवाणूंच्या पृष्ठभागावर ए आणि बी यांच्यासारख्याच शर्करा असतात. जी शर्करा आपल्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे घडवते. ओ गटात ती दोहोंविरुद्ध असतात. आरएच व्यवस्थेत असे घडत नाही. आरएच-निगेटिव्ह व्यक्तीत ‘डी’विरोधी प्रतिपिंडे सहसा आरएच-पॉझिटिव्ह रक्ताशी संपर्क आल्यावरच, म्हणजे रक्त दिले गेल्याने किंवा गर्भारपणात, तयार होतात. म्हणूनच ए-बी-ओची चूक पहिल्याच खेपेला जीवघेणी ठरू शकते.

१९५२ साली वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया या मुंबईच्या संशोधकांनी काही ब्रिटिश सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेल्या व्यक्तींच्या पेशी ए-विरोधी वा बी-विरोधी सीरमने गोळा होत नव्हत्या. त्यांचे सीरम ए आणि बी पेशींना गोळा करीत होते. रीतसर वाचन केले तर हे रक्त ओच! परंतु तेच सीरम ओ गटाच्या पेशींनाही गोळा करीत होते. ओ दात्यांचे रक्त त्यांना चालेना.

याचा उलगडा ‘एच’ या पदार्थात आहे. पेशीवरील शर्करासाखळीच्या टोकाला फ्यूकोज जोडली गेली की एच तयार होतो. त्यावर आणखी एक शर्करा चढली की ए किंवा बी होतो. ओ पेशीवर ही शेवटची शर्करा चढत नाही, पण एच भरपूर असतो. म्हणजे ओ रिकामा नव्हे. तो एचने भरलेला आहे. मुंबईतील व्यक्तींत एच घडवणारा विकरच नव्हता. साहजिकच त्यांच्यात एचविरोधी नैसर्गिक प्रतिपिंडेही होती. हा गट ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जातो. भारतात तो साधारणतः दहा हजारांत एकाला असतो असे मानतात.

आता कल्पना करू या: अशा रुग्णाच्या अहवालावर ‘ओ’ लिहिले गेले आणि घाईत क्रॉस मॅच न करता ओ रक्ताची पिशवी लावली. रुग्णाची एचविरोधी प्रतिपिंडे दात्याच्या पेशींना चिकटतात आणि पूरक प्रथिनांची साखळी जागी होते. ती प्रथिने पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडतात. पेशी रक्तवाहिनीतच फुटतात आणि हिमोग्लोबिन मोकळे होते. काही मिनिटांतच थंडी, ताप, कंबरदुखी, छातीत दाटणे, अस्वस्थता अशी लक्षणे दिसू लागतात. लघवी लालसर होते, रक्तदाब घसरतो. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि गोठण्याची क्रिया बिघडून रक्तस्राव सुरू होतो. भूल दिलेला रुग्ण तक्रार करू शकत नाही. तेथे घसरलेला रक्तदाब आणि जखमेतून न थांबणारे रक्त एवढ्याच खुणा उरतात. अशा वेळी पहिली कृती एकच: रक्त त्वरित थांबवणे, शीर मात्र सलाइनने चालू ठेवणे आणि पिशवीसह नवा नमुना रक्तपेढीकडे पाठवणे.

ही चूक टाळण्याचा उपाय साधा आहे. रुग्णाच्या सीरमची तपासणी ए आणि बी पेशींबरोबरच ओ पेशींवरही करावी. तिथेही पुंजके दिसले, तर बॉम्बे गटाची शंका घ्यावी. अर्थात इतर काही प्रतिपिंडांमुळेही असे होऊ शकते, म्हणून रुग्णाच्या पेशींवर एच आहे का हे पाहावे लागते. त्यासाठी ‘युलेक्स युरोपियस’ या झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात: ओ पेशी त्याने गोळा होतात, बॉम्बे पेशी होत नाहीत. गट निश्चित झाल्यावर रक्त मिळू शकते ते बॉम्बे गटाच्याच दात्याचे, किंवा शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असल्यास रुग्णाचे स्वतःचे आधी काढून ठेवलेले. आरएच तेव्हाही वेगळा पाहावा लागतो, कारण एच नसला तरी डी असू शकतो.