मृताचे देणे

जैद नावाचा एक मनुष्य मरण पावतो. इस्लामी धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत उदाहरणासाठी बहुधा हाच जैद येतो. त्याच्यामागे १०० दिरहम उरले आहेत, आणि दोन सावकारांचे मिळून १२० दिरहम देणे आहे. एकाचे ८०, दुसऱ्याचे ४०. सावकार दारात उभे आहेत आणि आत प्रेत पडले आहे. प्रथम पैसे कोणास द्यावयाचे?

शास्त्रकारांचे उत्तर निःसंदिग्ध आहे : प्रथम जैदला. स्नान, वस्त्र आणि कबर यांचा साधा खर्च आधी काढावा, मग कर्ज फेडावे, मग मृत्युपत्राची पूर्तता करावी आणि राहील ते वारसांनी वाटून घ्यावे. कारण असे की, जिवंत माणूस कर्जात बुडाला तरी त्याच्या अंगावरचे कपडे काढून कोणी विकीत नाही. कफन हे मृताचे अंगावरचे वस्त्रच होय. एखादी वस्तू गहाण पडलेली असेल तर तिच्यावर मात्र धनकोचा हक्क आधीचा.

पण या हक्कालाही मर्यादा आहे. हनफी पंथाप्रमाणे पुरुषास तीन वस्त्रे द्यावीत हे उत्तम : डोक्यापासून पायांपर्यंतचे वेष्टन, सदरा आणि सर्वांवरून गुंडाळण्याची चादर. कर्ज मालमत्तेहून अधिक असेल तर मात्र सदरा वगळून दोनच वस्त्रांवर भागवावे, असा आग्रह सावकारांस धरता येतो. शाफिई पंथात तर अशा वेळी सर्व शरीर झाकणारे एकच वस्त्र पुरते. समजा, तीन वस्त्रांसह खर्च १२ दिरहम आणि दोनांसह १० येतो. मग १० दिरहम जैदसाठी खर्च होतील आणि उरलेले ९० कर्जाच्या प्रमाणात वाटले जाऊन एका सावकारास ६० व दुसऱ्यास ३० मिळतील. मृताची लाज राखली जावी, पण त्याच्या थाटासाठी जिवंतांचे पैसे बुडू नयेत, असा हा हिशेब आहे. पहिले खलीफा अबू बक्र यांनी इ. स. ६३४ मध्ये मरतेवेळी आपले जुनेच वस्त्र धुऊन कफनास वापरण्यास सांगितले आणि नव्या कापडाची गरज जिवंतांना अधिक आहे असे कारण दिले, ही हकीकत ग्रंथकार याच संदर्भात सांगतात.

अंत्यविधीचे हे सारे प्रकरण मृताचे जिवंतांकडे असलेले देणे या एका कल्पनेवर उभे आहे. स्नान, कफन, प्रार्थना आणि दफन ही चारही कृत्ये समाजावरील सामुदायिक कर्तव्ये होत. काही जणांनी ती पार पाडली म्हणजे बाकीचे मोकळे होतात. कोणीच पाडली नाहीत तर दोष सर्वांवर येतो.

स्नानाचा पाया एका मातेच्या नव्हे, तर एका पित्याच्या शोकात आहे. पैगंबर महंमदांची कन्या झैनब इ. स. ६२९ च्या सुमारास वारली, तेव्हा स्नान घालणाऱ्या उम्म अतिया हिला त्यांनी सांगितले की, तीन, पाच किंवा जरूर पडल्यास अधिक, पण विषम वेळा पाणी घाला. पाण्यात बोरीच्या जातीच्या सिद्र झाडाची पाने घाला, शेवटी कापूर वापरा आणि उजव्या अंगापासून आरंभ करा. पुढे शास्त्रकारांनी यातून रीत बसवली. प्रेत फळीवर ठेवावे, बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग झाकलेलाच राहावा, तो धुताना हाताला फडके गुंडाळावे. हनफी मताप्रमाणे तोंडात व नाकात पाणी घालू नये, कारण ते बाहेर काढता येत नाही. मग प्रेत किंचित उठवून पोट हळुवार चोळावे. काही बाहेर आले तर तेवढेच धुवावे, स्नान पुन्हा नको. शेवटी कपाळ, नाक, तळहात, गुडघे आणि पावले यांस कापूर लावावा. हीच अंगे जन्मभर नमाजात जमिनीस टेकली, म्हणून हा मान त्यांचा.

स्नान कशासाठी, हे मात्र त्याच्या अपवादांवरून अधिक कळते. इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत पडलेल्यांना न धुता रक्तासह पुरण्यात आले. केवळ मळ काढणे हाच स्नानाचा हेतू असता तर या देहांना त्याची सर्वांत अधिक गरज होती. पण ते रक्त कलंक नव्हे, साक्ष मानले गेले. तेथेच मुसअब याचे वस्त्र इतके तोकडे होते की डोके झाकले तर पाय उघडे पडत. तेव्हा डोके झाकून पायांवर इज्खिर गवत घालण्यात आले.

या वीरांसाठी प्रार्थना करावी काय, यावर पंथांत मतभेद आहे. शाफिई म्हणतात, नको. हौतात्म्यानेच पापे पुसली जातात, मग रदबदली कशाला? याला बुऱ्हानुद्दीन मर्घिनानी (मृत्यू इ. स. ११९७) यांनी ‘हिदाया’ ग्रंथात हनफींच्या बाजूने उत्तर दिले आहे. प्रार्थना हा मृताचा सन्मानही आहे, आणि हुतात्मा त्यास अधिकच पात्र. शिवाय पापमुक्त झालेल्यासही शुभचिंतन नको असते असे नाही. पैगंबर आणि लहान मूल यांच्यासाठीही प्रार्थना होतेच.

ही जनाज्याची प्रार्थना उभ्यानेच करावयाची असते. तीत चार वेळा ‘अल्लाहु अकबर’ म्हणतात; वाकणे नाही, मस्तक टेकणेही नाही. तिचा गाभा मृतासाठी केलेली याचना हा आहे. आणि समोर प्रेत असता दंडवत घडले तर ते प्रेतालाच घातल्यासारखे दिसेल, असेही कारण सांगतात. येथेही कर्ज आडवे येते. एका मृताचे दोन-तीन दिनारांचे देणे राहिले होते, म्हणून पैगंबर प्रार्थनेस उभे राहिनात. अबू कतादा यांनी ते अंगावर घेतले तेव्हाच ते पुढे झाले.

शेवटी दफन. नववी (मृत्यू इ. स. १२७७) यांच्या शाफिई ग्रंथाप्रमाणे कबरीची किमान खोली अशी की दुर्गंधी बाहेर येऊ नये आणि श्वापदांनी प्रेत उकरू नये. जमीन घट्ट असेल तर खड्ड्याच्या किब्ल्याकडील बाजूस कपार खोदावी, तिला लहद म्हणतात. भुसभुशीत जमिनीत कपार ढासळते, म्हणून तेथे खड्ड्याच्या मध्यभागी चर खणावा. देह उजव्या कुशीवर किब्ल्याकडे तोंड करून ठेवावा. आपल्याकडे ही दिशा पश्चिमेची. कपारीचे तोंड कच्च्या विटांनी बुजवावे. भाजलेल्या विटा का नकोत? त्या इमारतीच्या टिकाऊपणासाठी असतात आणि कबर ही झिजून जाण्याची जागा आहे, असे ‘हिदाया’ सांगते.

आणि घाईत चूक झाली तर? स्नानाविना प्रेत पुरले गेले, तर शाफिई मताने, देह बिघडला नसेल तोवर, कबर उघडून स्नान घालावे. हनफी मताने एकदा माती लोटली की उघडू नये. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफिई आणि घाटावरचे बहुतांशी हनफी असल्यामुळे सह्याद्रीच्या दोन बाजूंना या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे मिळू शकतात. प्रार्थना राहून गेली असेल तर हनफी ती कबरीपाशी उभे राहून करतात, पण देह विघटित होण्यापूर्वीच. त्यासाठी दिवसांची संख्या ठरवण्याचे मर्घिनानी नाकारतात. देहाची स्थिती, ऋतू आणि जागा यांवरून जाणत्याने अंदाज करावा, असे ते म्हणतात. दिरहमांचा हिशेब जेथे काटेकोर केला, तेथेच मातीखालचा हिशेब शास्त्राने माणसाच्या विवेकावर सोडला आहे.