उपाहारगृहाचे थेट मागणी पृष्ठ

थेट मागणी पृष्ठ म्हणजे उपाहारगृहाने स्वतःच्या मालकीने चालवलेले असे संकेतपृष्ठ, ज्यावर ग्राहक पदार्थांची यादी पाहून मधल्या वितरण ॲपशिवाय मागणी नोंदवू शकतो. भारतात झोमॅटो, स्विगी यांसारख्या मंचांच्या दलालीला पर्याय म्हणून लहान खानावळी व पोळी-भाजी केंद्रे त्याचा अवलंब करतात. या मंचांच्या व्यवहारपद्धतीविरुद्ध उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती व आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला.

दलालीचा हिशेब

दलालीचा दर करारागणिक बदलतो. उदाहरणादाखल तो २५ टक्के धरल्यास ४०० रुपयांच्या मागणीवर १०० रुपये दलाली व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १८ रुपये, असे एकूण ११८ रुपये कापले जातात. पाच टक्के कर भरणाऱ्या उपाहारगृहाला या १८ रुपयांची वजावट मिळत नाही. तो निव्वळ खर्चच ठरतो.

तथापि ही सारी रक्कम वाचते असे मानणे चुकीचे आहे, कारण पदार्थ पोहोचवणारा माणूस आता मालकालाच नेमावा लागतो. त्याचा पगार व पेट्रोल मिळून महिना १५,००० रुपये धरले, तर महिन्याला १२८ मागण्या झाल्यावरच थेट विक्री फायद्याची ठरते. मागण्या त्याहून कमी असतील, तर ग्राहकाने स्वतः येऊन डबा नेण्याची सोय तेवढी ठेवणे शहाणपणाचे.

रचना

सर्वांत साध्या प्रकारात पृष्ठावर पदार्थ, दर व दोन दुवे असतात. पहिला दुवा मागणीचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो, दुसरा रक्कम आधीच घालून ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवरील यूपीआय ॲप उघडतो.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Order-417
upi://pay?pa=NAME@BANK&pn=HOTEL&am=400&cu=INR&tn=417
```

`am` म्हणजे रक्कम व `tn` म्हणजे टीप; टिपेत मागणीचा क्रमांक घातल्याने पैसे कोणाचे आले हे ओळखता येते. दुसरा दुवा संगणकावर सहसा चालत नाही, म्हणून तेथे क्यूआर संकेत दाखवतात. खाते व्यापारी प्रकारचे असावे. वैयक्तिक खात्यावर अशा दुव्याने येणारे पैसे काही ॲप नाकारतात.

या रचनेतील मुख्य उणीव अशी, की पैसे जमा झाल्याचे पृष्ठाला कळत नाही. ग्राहकाने पाठवलेले पडद्याचे छायाचित्र बनावट असू शकते. त्यामुळे बँकेचा संदेश किंवा गल्ल्यावरील ध्वनियंत्राची घोषणा झाल्यावरच पदार्थ चुलीवर चढवण्याची पद्धत आहे. संपलेला पदार्थ यादीतून त्वरित न काढल्यास पैसे परत करण्याची वेळ येते, आणि ऐन जेवणाच्या वेळी हे काम हमखास राहून जाते.

कराची जबाबदारी

१ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून झालेल्या उपाहारगृह सेवेवरील कर मंच स्वतः भरतो. थेट मागणीत मात्र नोंदणीकृत उपाहारगृहालाच तो भरावा लागतो.