उरलेल्या पोळ्या मऊ कशा ठेवाव्यात? गुंडाळणे, तव्यावर गरम करणे आणि गोठवणे

दुपारी केलेली पोळी रात्री वातड लागते आणि सकाळी तिचा तुकडा मोडतो. ‘वारा लागला’ असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पोळी कडक होण्याची कारणे दोन असून त्यांवरील उपाय एकमेकांहून वेगळे आहेत. पुष्कळ घरांत पहिल्या कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणासाठी वापरला जातो आणि मग पोळ्या टाकून द्याव्या लागतात. ‘पोळी’ हा शब्द येथे चपाती, घडीची पोळी आणि फुलका या तिन्हींसाठी वापरला आहे.

पोळी कडक का होते?

पहिले कारण म्हणजे पाणी उडून जाणे. उघड्या ताटलीतील पोळीच्या कडा आधी वाळतात, वर उचलल्या जातात आणि तुटू लागतात. झाकण घट्ट असले आणि पोळी गुंडाळलेली असली की हे थांबते.

दुसरे कारण कणकेतील पिष्टात दडलेले आहे. पोळी तव्यावर भाजताना पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची घट्ट रचना सैल होते. मऊपणा तेथूनच येतो. पोळी निवू लागली की सैल झालेले हे रेणू पुन्हा एकमेकांशी जुळून घट्ट बसू लागतात. पाण्याचा एक थेंबही बाहेर न जाता पोळी ताठ होते ती यामुळे. ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअसला, सर्वांत वेगाने घडते. उणे १८ अंशांवर ती जवळजवळ थांबते. साधारण ६० अंशांच्या वर पोळी तापवली, तर घट्ट बसलेली रचना बऱ्याच अंशी पुन्हा सुटते.

हे घरीही पडताळता येते. एकाच घाण्यातील दोन पोळ्या घ्याव्यात. एक घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसरी रात्रभर उघडी ठेवावी. सकाळी दोन्ही कडक झालेल्या असतील. आता दोन्ही तव्यावर गरम कराव्यात. फ्रिजमधील पोळी मऊ होते, कारण तिच्यातील पाणी शाबूत होते. उघडी राहिलेली मात्र पापडासारखी कुरकुरीत होते. थोडक्यात, ताठ झालेली पोळी परत आणता येते, वाळलेली येत नाही. पुढील सर्व कृतींचा रोख पाणी आत राखण्यावर आहे, तो यासाठीच.

सुरुवात परातीतून

काही तासांनी खायच्या पोळीसाठी कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल भिजवावी. पाव किलो पिठाला साधारण १६० ते १७५ मिलिलिटर पाणी लागते. पीठ जाडसर दळलेले असेल तर थोडे अधिक. चमचाभर तेल घालून कणीक तिंबावी आणि झाकून निदान २० मिनिटे ठेवावी. तेवढ्या वेळात कोंड्याचे कण पाणी पिऊन घेतात. तसे झाले नाही, तर कोंडा ते पाणी नंतर पोळीतूनच ओढून घेतो.

तवा पुरेसा तापलेला असावा. मंद आचेवर पोळी अधिक वेळ भाजावी लागते आणि तेवढे तिचे पाणी उडते. फिकट रंगाची पण कडक पोळी बहुधा थंड तव्याची असते. तेल लावून घडी घातलेली पोळी फुलक्यापेक्षा अधिक वेळ मऊ राहते, म्हणून डब्यासाठी किंवा संध्याकाळसाठी तीच बरी.

गुंडाळण्याची रीत

तव्यावरून उतरलेल्या पोळीतून वाफ निघत असते. ती पूर्णपणे जाऊ दिली तर पोळी वाळते आणि पूर्णपणे कोंडली तर पाणी सुटून तळच्या पोळ्या लगदा होतात. यातला मध्यम मार्ग सुती कापडाने साधतो. जास्तीची वाफ कापड शोषून घेते आणि पोळीभोवतीची हवा ओलसर राहते.

उतरलेली पोळी अर्धा मिनिट जाळीवर किंवा कापडावर ठेवावी, तिच्या एका बाजूला तूप वा तेलाचा हात फिरवावा आणि मग ती चळतीवर ठेवावी. डब्यात जुन्या, मऊ धोतराचे किंवा पंचाचे कापड इतके मोठे अंथरावे की त्याची टोके वरूनही दुमडता येतील. ही वरची घडी महत्त्वाची आहे. स्टीलच्या थंड झाकणाला वाफेचे थेंब धरतात आणि ते खाली पडले की वरची पोळी चिकट होते. शेवटची पोळी ठेवल्यावर पाच ते दहा मिनिटे झाकण किंचित तिरके ठेवावे, त्यानंतर घट्ट लावावे. उष्णता राखणाऱ्या कॅसरोललाही हाच नियम लागू आहे. कापड रोज धुतलेले आणि पूर्ण वाळलेले हवे. पावसाळ्यात दमट राहिलेल्या कापडाचा कुबट वास पोळीला सहज लागतो.

जेवणाच्या डब्यासाठी ॲल्युमिनियमची फॉइल चालते, पण फॉइल पाणी शोषत नाही. पोळ्या कोमट झाल्यावर आधी पातळ कापडात किंवा कागदी रुमालात आणि मग फॉइलमध्ये गुंडाळाव्यात. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. त्याची शाई तेलकट पोळीला लागते, आणि अन्न अशा कागदात गुंडाळू नये असे अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही बजावले आहे.

तव्यावर पुन्हा गरम करताना

गरम करण्यात मुख्य चूक होते ती वेळेची. पोळी पोटापर्यंत तापली पाहिजे, पण तिचे पाणी जाता कामा नये. म्हणजे आच मध्यमाहून जरा मोठी आणि वेळ थोडा. तवा तापल्यावर ओल्या हाताने पोळीच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा हलका शिपका द्यावा. एका बाजूला १५ ते २० सेकंद, उलटून तेवढाच वेळ, आणि शेवटी फडक्याने कडेकडेने दाबावे. हाताला लवचीक लागली की लगेच उतरवावी. तिच्यावर नवे तपकिरी डाग उमटू लागले, तर पाणी जाऊ लागले असे समजावे.

एकाच वेळी चार-पाच पोळ्या गरम करायच्या असतील, तर त्यांची चळत तव्यावर ठेवून तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडावे आणि वर खोलगट झाकण ठेवावे. आच मंद करून मिनिटभराने वरची पोळी खाली आणि खालची वर करावी. अशा वाफवलेल्या पोळ्या भाजल्यासारख्या खमंग लागत नाहीत, पण मऊ नक्की होतात. मायक्रोवेव्हमध्ये एक पोळी ओलसर कागदी रुमालात गुंडाळून १५ ते २० सेकंद पुरते. त्याहून अधिक ठेवली तर ती चामड्यासारखी होते.

गरम केलेली पोळी लगेच वाढावी. दर खेपेला तिच्यातील काही पाणी कमी होत असल्याने दुसऱ्यांदा निवल्यावर ती आधीपेक्षा कडक होते. म्हणून लागतील तेवढ्याच पोळ्या गरम कराव्यात.

एका दिवसाचा हिशेब

सकाळी साडेसहाला १४ पोळ्या करणारे एक घर धरू. सहा पोळ्या दोन डब्यांत जायच्या आहेत, चार दुपारी एकला घरी असलेल्या आजींसाठी आहेत आणि चार रात्रीसाठी.

डब्याच्या पोळ्या कोमट झाल्यावर कापड आणि फॉइलमध्ये गुंडाळल्या जातील. आजींच्या चार पोळ्या कापडासह वेगळ्या छोट्या डब्यात ठेवाव्यात. एकच मोठा डबा वारंवार उघडला, तर रात्रीच्या पोळ्या दुपारीच वाळू लागतात. आजींना गॅसपाशी जायला नको असेल, तर त्यांच्या पोळ्यांना दोन्ही बाजूंनी तूप लावावे आणि डबा टॉवेलात गुंडाळून ठेवावा. साडेसहा तासांनी त्या गरम नसतील, पण दातांना जड जाणार नाहीत. रात्रीच्या चार पोळ्या तव्यावर शिपका देऊन गरम कराव्यात. त्यांतल्या दोन उरतील असे सकाळीच दिसत असेल, तर त्या निवल्याबरोबर गोठवाव्यात. रात्रीपर्यंत बाहेर राहून ताठ झालेली पोळी गोठवून ताजी होत नाही.

गोठवण्याची कृती

पोळ्या पूर्ण निवू द्याव्यात, पण कापडाखाली. गरम पोळ्या पिशवीत घातल्यास वाफेचे बर्फ होऊन त्या एकमेकींना चिकटतात. दोन पोळ्यांमध्ये बटर पेपरचा तुकडा घालावा. एका वेळी लागतील तेवढ्याच, म्हणजे चार-पाच, एका जाड झिप पिशवीत सपाट ठेवाव्यात. तळहाताने दाबून हवा काढावी, तारीख लिहावी आणि पिशवी आडवी ठेवावी. उभी ठेवली तर पोळ्या वाकड्या गोठतात आणि काढताना मोडतात. मुद्दाम गोठवण्यासाठीच पोळ्या करणार असाल, तर त्या थोड्या कमी भाजून, डाग गडद होण्याआधी उतरवाव्यात. उरलेले भाजणे खाण्याच्या वेळी होते.

स्वतंत्र दार असलेल्या फ्रीझरमध्ये अशा पोळ्या महिनाभर चांगल्या राहतात. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तापमान वरखाली होते, म्हणून तेथील पोळ्या आठवड्यात संपवाव्यात. पिशवीत बर्फाचा भुगा जमला किंवा पोळीच्या कडेला पांढरट कोरडे चट्टे आले, तर तेवढे पाणी पोळीतून बाहेर पडले आहे. अशी पोळी खाण्यास अपायकारक नसते, पण मऊ होणार नाही.

गोठलेली पोळी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळवू नये. ज्या तापमानाला ती सर्वांत वेगाने ताठ होते, तेथेच ती तासन्‌तास राहते. ती थेट तव्यावर टाकावी. आधी मंद आचेवर दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट, मग आच वाढवून काही सेकंद. एकदा वितळलेली पोळी पुन्हा गोठवू नये.

फ्रिज आणि बुरशी

फ्रिज पोळी ताठ करतो, पण ती खराब होणे लांबवतो. कोकणपट्टीतील दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, सकाळची पोळी दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर ठेवणे बरे नाही. फ्रीझरमध्ये जागा नसेल, तर घट्ट डब्यात घालून ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी शिपका देऊन गरम करावी. आंबूस वास, हाताला चिकटपणा किंवा हिरवा-काळा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग काढून उरलेली पोळी खाऊ नये. ती सबंध टाकावी.

ज्वारीच्या, नाचणीच्या किंवा तांदळाच्या भाकरीला ही कृती तशीच लागू पडत नाही. त्या पिठांत गव्हासारखा चिकट ताणा नसल्याने भाकरी लवकर ताठ होते आणि गोठवल्यावर चिरा पडतात. ती त्या-त्या जेवणापुरतीच करावी. आणि वाळून गेलेली पोळी मऊ करण्याच्या खटपटीत न पडता तिचा चुरा करून कांद्याची फोडणी द्यावी. फोडणीच्या पोळीला कोरडी पोळीच लागते. मऊ पोळीचा गोळा होतो.