व्यवहार की श्रम? अमेरिकी प्रवेशकायद्यातील एका शब्दाचा इतिहास

अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने स्थायिक होण्यासाठी येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. परंतु 'बिझिनेस'साठी किंवा करमणुकीसाठी तात्पुरते येणाऱ्यांना तीतून वगळले. यांतील 'बिझिनेस' या शब्दाची व्याख्या मात्र कायद्याने केली नाही. इंग्रजीत हा शब्द व्यापारास लागतो, तसाच माणसाच्या कोणत्याही कामधंद्यासही लागतो. या अर्थबाहुल्यातून उद्भवलेला वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

नायगारा नदीच्या कॅनडाच्या तीरावर राहून पलीकडे मजुरी करण्याची प्रथा त्या काळी रूढ होती. १९२७ मध्ये अशाच दोघांना, एक मूळची स्कॉटलंडची व दुसरा इटलीचा, अधिकाऱ्यांनी अडविले. नोकरी हाही 'बिझिनेस'च होय, हे त्यांचे म्हणणे अपील न्यायालयाने मान्य केले. परंतु १९२९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. स्थानिक मजुराचे रक्षण हा कायद्याचा एक प्रमुख हेतू असल्यामुळे 'बिझिनेस' म्हणजे केवळ वाणिज्यस्वरूपाचा व्यवहार, असा संकुचित अर्थ न्यायालयाने निश्चित केला. कोशातील अर्थ विस्तृत असूनही हेतूवरून तो आवळला गेला, ही गोष्ट भाषाभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५२ च्या कायद्याने कुशल वा अकुशल श्रम करण्यासाठी येणाऱ्यास या वर्गातून स्पष्टपणे वगळले.

तथापि 'श्रम' म्हणजे तरी काय, हा प्रश्न उरलाच. १९६५ साली तो हीरा नावाच्या एका माणसाच्या प्रकरणात पुढे आला. हाँगकाँगमधील एका शिवणकामाच्या पेढीतर्फे तो अमेरिकेत येई, गिऱ्हाइकांची मापे घेई आणि मागण्या नोंदवी. कपडे बेतले व शिवले जात ते हाँगकाँगमध्येच. मापे घेणे हे शिंप्याचेच काम, म्हणून तो श्रम, असा सरकारी पक्ष होता. अपील मंडळाने तो स्वीकारला नाही, आणि १९६६ मध्ये महान्यायवाद्यांनीही मंडळाचाच निर्णय कायम केला. मापे घेणे हा परदेशी व्यापाराचा आनुषंगिक भाग. मुख्य उत्पादन, पेढीचे ठाणे आणि नफा अखेर जमा होण्याची जागा ही सर्व देशाबाहेर होती, हीरा स्वतः तात्पुरता आला होता, आणि परदेशातील निवास त्याने सोडलेला नव्हता. 'काम केले काय?' या प्रश्नाऐवजी 'ते कोणत्या व्यवहाराचे अंग होते?' असे विचारावे लागेल, हे येथे ठरले. माझ्या मते या विषयाची खरी किल्ली हीच होय.

आज व्यवसायार्थ येणाऱ्या अभ्यागतास, म्हणजे बी-१ धारकास, हीच कसोटी लागते. समजा, पुण्यातील एका संगणक कंपनीचा अभियंता शिकागोच्या ग्राहकाकडे पाच दिवसांसाठी गेला. करारातील अटींची वाटाघाट करणे, ग्राहकाची गरज समजून घेणे, पुण्यात तयार व्हावयाच्या प्रणालीचा आराखडा चर्चिणे, हे त्यास करता येते; या सर्व गोष्टी मापे घेण्यासारख्या आहेत. परंतु तो ग्राहकाच्या कचेरीत बसून प्रणालीच लिहू लागला, तर कापड अमेरिकेतच शिवले गेले. मग मुदत पाच दिवसांची आहे किंवा पगार पुण्यातून मिळतो, एवढ्याने बचाव होत नाही. सर्वसाधारणपणे एच-१बीसारखा नोकरीचा परवाना लागतो.

ही सीमा पुसट कशी होते, हे इन्फोसिस कंपनीच्या प्रकरणात दिसले. बैठकांसाठी म्हणून बी-१ वर पाठविलेली माणसे प्रत्यक्षात नोकरीचेच काम करीत, आणि 'काम' असे सुचविणारे शब्द निमंत्रणपत्रात टाळावेत अशा सूचना दिलेल्या होत्या, असा अमेरिकी सरकारचा आरोप होता. कंपनीने परवान्यांच्या गैरवापराचा आरोप नाकारला. पण २०१३ मध्ये ३ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड केली. दस्तऐवजातील शब्द येथे वस्तुस्थितीचा आरसा न राहता वादाचा विषयच बनले.

परिषदेस जाणाऱ्या अध्यापकाची स्थिती तुलनेने सोपी आहे. निबंध वाचणे व चर्चेत भाग घेणे बी-१ वर चालते. प्रवासखर्चाची भरपाईही घेता येते. व्याख्यानाच्या मानधनासाठी मात्र १९९८ च्या कायद्याने वेगळी वाट काढली आहे. उच्च शिक्षणसंस्थेने वा ना-नफा अथवा सरकारी संशोधनसंस्थेने दिलेले मानधन स्वीकारता येते. परंतु एका संस्थेतील शैक्षणिक कार्य नऊ दिवसांहून अधिक नसावे, आणि मागील सहा महिन्यांत पाचांहून अधिक संस्थांचे असे मानधन घेतलेले नसावे. सत्रभर वर्ग घेणे यात बसत नाही.

एक भाषिक अडचण मराठी प्रवाशापुरती सांगतो. आपण सहज म्हणतो, "कामानिमित्त आलो आहे." आपले 'काम' वाटाघाटीलाही पुरते आणि मजुरीलाही. त्याचेच शब्दशः इंग्रजी भाषांतर विमानतळावरील अधिकाऱ्याच्या कानी पडले, तर त्याला ऐकू येतो तो १९५२ च्या कायद्याने वगळलेला श्रम. परवाना पारपत्रावर असला तरी प्रवेश देणे न देणे त्याच्याच हाती असते. म्हणून परिषदेचे नाव, बैठकीचा विषय व परतीची तारीख सरळ सांगावी, आणि आयोजकांचे पत्र जवळ बाळगावे.