इंग्रजी बातमीचा मथळा मराठीत आणताना नेमकं काय सुटतं?

‘फ्लड-हिट महालक्ष्मी एक्स्प्रेस: ऑल १,०५० रेस्क्यूड नियर बदलापूर, एनडीआरएफ, नेव्ही, आयएएफ जॉइन ऑप.’

इंग्रजी वर्तमानपत्रांच्या धाटणीत २७ जुलै २०१९ ची बातमी मांडली तर तिचा मथळा साधारण असा होतो. या एका ओळीत पूर्ण वाक्य एकही नाही. क्रियापदाला जोडून येणारे छोटे शब्द गाळले आहेत, ‘आणि’च्या जागी स्वल्पविराम आहे, ‘ऑपरेशन’ अर्ध्यावर तोडलं आहे. छापील पानावर एका स्तंभाची रुंदी ठरलेली असते आणि अक्षरं मोठी असतात, म्हणून तारेत लिहावी तशी ही भाषा तयार झाली. तेरा अक्षरी ‘इन्व्हेस्टिगेशन’ऐवजी पाच अक्षरी ‘प्रोब’, आठ अक्षरी ‘अरेस्टेड’ऐवजी चार अक्षरी ‘हेल्ड’. मोबाइलवर जागेची अडचण तेवढी उरली नाही, सवय मात्र राहिली.

अडचण येते ती हा मथळा मराठीत लिहून ग्रुपवर टाकताना. शब्दाला शब्द ठेवला तर असं काहीतरी तयार होतं: ‘पूर-धडक महालक्ष्मी एक्स्प्रेस: सर्व १,०५० वाचवले बदलापूरजवळ, नौदल ऑपरेशनमध्ये सामील.’ वाचणाऱ्याला वाटेल, गाडीला कशाची तरी धडक बसली. आणि मराठी कानाला ‘ऑपरेशन’ म्हणजे आधी दवाखान्यातली शस्त्रक्रिया.

मुळात घडलं ते असं. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली ही गाडी उल्हास नदीच्या पुराचं पाणी रुळांवर आल्यामुळे बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या मध्ये अडकून पडली. एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. त्याच्या जवानांसोबत नौदल आणि हवाई दलही मदतीला आलं आणि दुपारपर्यंत प्रवाशांना बाहेर काढलं गेलं. ‘हिट’चा अर्थ इथे ‘फटका बसलेली’ एवढाच आहे आणि मराठीत तो ‘पुरात अडकलेली’ असाच यायला हवा. ‘रेस्क्यूड’च्या आधीचा ‘वेअर’ गाळलेला आहे, म्हणजे प्रवाशांनी कुणाला वाचवलं नाही, त्यांना वाचवलं गेलं. यासाठी मराठीत ‘सुटका’ हा सरळ शब्द आहे. ‘ऑप’ म्हणजे बचावकार्य. मग मथळा असा उलगडतो:

‘मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस शनिवारी, २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. गाडीतल्या सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करण्यात आली. एनडीआरएफबरोबर नौदल आणि हवाई दलानेही बचावकार्यात भाग घेतला.’

यात वांगणीचं नाव, तारीख आणि कोल्हापूर हे सगळं मथळ्यात नव्हतं. ते बातमीच्या मजकुरातून घेतलेलं आहे. मथळा उलगडण्याचा खरा नियम हाच: व्याकरण आपण पुरवायचं, माहिती मात्र बातमीतूनच घ्यायची. बातमी उघडून वाचली नसेल तर मोकळी जागा अंदाजाने भरू नये.

आकड्याचंही तेच. त्या दिवशी सकाळच्या बातम्यांत गाडीत सुमारे ७०० प्रवासी असल्याचं सांगितलं जात होतं, सुटका झाल्यानंतरचा आकडा १,०५० होता. दोन्ही मथळ्यांचे स्क्रीनशॉट एकाच ग्रुपवर पुढे-मागे आले तर वाचणारा गोंधळणारच. म्हणून ‘सुमारे’ आणि वेळ हे दोन्ही मराठी वाक्यात यायला हवेत.

‘टू हेल्ड इन अंबरनाथ’ या तीन-चार शब्दांत त्याहून मोठा धोका आहे. ‘हेल्ड’चा अर्थ बहुतेक वेळा ‘अटक’ असतो, पण चौकशीसाठी ताब्यात घेतलेल्या माणसासाठीही काही जण तोच शब्द वापरतात. मराठी बातमीत ‘अटक’ आणि ‘ताब्यात घेतले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकशी करून संध्याकाळी घरी सोडलेल्या माणसाच्या नावापुढे ‘अटक’ लागली की ती गल्लीत वर्षानुवर्षं चिकटते. मजकुरात गुन्हा नोंदवल्याचा आणि अटकेचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ‘ताब्यात’ हाच शब्द बरा.

मराठीची स्वतःचीही एक अडचण आहे. ‘बदलापूर रेसिडेंट डाइज’ या मथळ्यात मेलेली व्यक्ती बाई की पुरुष, हे इंग्रजीला सांगावं लागत नाही. मराठी क्रियापद मात्र ते विचारतंच: मरण पावला की पावली? घाईत लिहिणारा बहुधा ‘पावला’ लिहून मोकळा होतो आणि एखाद्या बाईच्या मृत्यूची बातमी पुरुषाची होऊन फिरते. यावर सोपा उपाय म्हणजे क्रियापदाऐवजी नाम: ‘बदलापूरच्या रहिवाशाचा मृत्यू’. मजकूर वाचून कळलं तर अर्थातच नेमकं लिहावं.

या तीन गावांपुरता एक खास सापळा म्हणजे ‘सिव्हिक बॉडी’. उल्हासनगरला महानगरपालिका आहे आणि तिचे प्रशासकीय प्रमुख आयुक्त असतात. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर इथे नगर परिषदा आहेत, तिथे मुख्याधिकारी असतात. त्यामुळे ‘सिव्हिक चीफ’चं भाषांतर तिन्हीकडे ‘महापालिका आयुक्त’ असं केलं तर बदलापूरचा वाचक तक्रार घेऊन भलत्याच दारात जाऊन उभा राहील. ‘सीआर’चंही तसंच. ती अक्षरं मोठ्या लिपीत असतील आणि मथळा लोकलचा असेल तर मध्य रेल्वे. आकड्याला चिकटून आली असतील तर कोटी. आणि ‘ठाणे मॅन’ म्हणजे ठाणे शहरातलाच माणूस असेल असं नाही. ही तिन्ही गावं ठाणे जिल्ह्यात असल्याने तो अंबरनाथचाही असू शकतो.

एकापुढे एक नामं रचलेल्या मथळ्यांना लोक घाबरतात, पण मराठीला ते तुलनेनं सोपे जातात. ‘बदलापूर स्कूल असॉल्ट केस प्रोब’ हा मथळा घ्या. मुख्य शब्द शेवटचा, ‘प्रोब’. मराठीतही मुख्य शब्द शेवटीच येतो, म्हणून क्रम बदलायची गरज नाही, फक्त गाळलेले प्रत्यय परत द्यायचे: ‘बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणाचा तपास’. नामं पाच-सहा झाली की ‘च्या’ची माळ लांबते, तेव्हा सरळ दोन वाक्यं करावीत.

याच प्रकरणाची ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांच्या दिरंगाईबद्दल नाराजी व्यक्त केली. अशा वेळी इंग्रजी मथळ्यात ‘एचसी रॅप्स कॉप्स’ असं येतं. ‘रॅप’ म्हणजे खडसावणं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये बलात्काराचा शब्द त्याच्यापासून एकाच अक्षराने वेगळा आहे आणि अशा प्रकरणात दोन्ही शब्द शेजारीशेजारी येऊ शकतात, म्हणून अक्षरं नीट पाहूनच पुढे जावं. मराठीत यासाठी ‘ताशेरे ओढले’ किंवा ‘खडसावले’ हे रुळलेले शब्द आहेत. मात्र न्यायाधीशांनी सुनावणीत तोंडी केलेली टिप्पणी आणि लेखी आदेश यांत फरक असतो. मथळ्यात ‘रॅप्स’, ‘पुल्स अप’, ‘फ्लेज’ यांपैकी काही असेल आणि मजकुरात आदेशाचा उल्लेख नसेल, तर ‘न्यायालयाने आदेश दिला’ असं लिहिता येत नाही. ‘सुनावणीदरम्यान न्यायालयाने नाराजी व्यक्त केली’ एवढंच लिहिता येतं.